अक्षरी एक, अंकी दुसरी: दुरुस्त काय करायचे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हातात शेवटी दोन कागद येतात. एक दुकानाची हिशेबपट्टी आणि दुसरा चेक. पट्टीवर पोती, निव्वळ वजन, दर, हमाली-तोलाई आणि देय रक्कम असते. चेकवर तीच देय रक्कम दोनदा लिहिलेली असते, एकदा अक्षरात आणि एकदा अंकात. या दोन जागी रक्कम वेगवेगळी निघाली की गोंधळ सुरू होतो. कोणी म्हणते, अक्षरी रक्कमच खरी धरतात, आकडा बदलून घ्या. कोणी म्हणते, आकडा पट्टीशी जुळतोय ना, मग अक्षरांवर सही मारून घ्या. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि दुसरा ऐकला तर नुकसान होण्याचीच शक्यता अधिक.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. कागद वाचताना कोणती रक्कम धरायची, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कायदा देतो. दुसरा प्रश्न असा, की या दोन रकमांपैकी चुकलेली कोणती, आणि ती कोणी, कुठे दुरुस्त करायची? कायद्याचे ते एक कलम याचे उत्तर देत नाही. ते हिशेबातून शोधावे लागते. पुढची सगळी पद्धत या दोन प्रश्नांना वेगळे ठेवण्यावर उभी आहे.

कायदा काय सांगतो आणि बँक काय करते

चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठी यांना १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम लागू होतो. त्यातले कलम १८ अगदी छोटे आहे. देण्याची रक्कम अंकात एक आणि अक्षरात दुसरी असेल, तर अक्षरात लिहिलेली रक्कम हीच देण्याची रक्कम समजावी. यामागचे कारण व्यवहारी आहे. आकड्यात एक शून्य वाढवायला क्षण पुरतो, एका रेघेने एकाचे सात करता येतात. ‘बारा हजार’चे ‘एक लाख वीस हजार’ करायचे तर संपूर्ण ओळ बदलावी लागते आणि ती लबाडी लगेच दिसते. हाताने लिहितानाही माणूस अक्षरांपाशी थोडा थांबतो. म्हणून कायद्याने अक्षरांवर जास्त भरवसा ठेवला.

पण हे कलम कागदाचा अर्थ कसा लावायचा एवढेच सांगते. अक्षरी रक्कम बरोबरच आहे, अशी ग्वाही ते देत नाही. पट्टी ५९,४०० रुपयांची असेल आणि चेकवर अक्षरात ‘एकोणपन्नास हजार चारशे’ लिहिले गेले असेल, तर चेक एकोणपन्नास हजार चारशेचा समजला जाईल. म्हणून दुकानाचे देणे दहा हजारांनी कमी झाले असे मात्र होत नाही. देणे पट्टीवर ठरते, चेक हे ते देणे फेडण्याचे साधन आहे.

शिवाय प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रकरण कलम १८ पर्यंत पोहोचतच नाही. क्लिअरिंगमध्ये गेलेला असा चेक बँका साधारणपणे ‘अक्षरी व अंकी रक्कम वेगळी’ या कारणाने परत करतात. शाखेतला अधिकारी अर्थ लावण्याची जोखीम घेण्यापेक्षा ग्राहकाकडून नवा चेक येऊ देणे पसंत करतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. त्यामुळे ‘अक्षरी रक्कम धरतातच, टाकून बघू’ म्हणून विसंगत चेक भरू नका. परतीचे शुल्क लागू शकते आणि दिवस वाया जातात. चेकची मुदत तारखेपासून तीनच महिन्यांची असते, हेही लक्षात असू द्या. पूर्वी ती सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली.

चेकवर खाडाखोड का चालत नाही

आपल्याकडे जुन्या पिढीला एक सवय आहे. चूक झाली की त्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर रक्कम लिहायची आणि शेजारी पूर्ण सही करायची. सांगलीत १९१६ साली सुरू झालेली सांगली बँक आणि साताऱ्यात १९३६ साली स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक यांच्या काउंटरवर ज्यांचे व्यवहार घडले, त्यांच्या काळात सही करून केलेली दुरुस्ती बँका स्वीकारत असत. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्यानंतर काही वर्षांतच दुरुस्तीचा तो नियमही बदलला.

आता चेक स्वतः एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही, त्याची प्रतिमा जाते. प्रतिमेवर खाडाखोड प्रामाणिक आहे की लबाडीची, हे ओळखणे कठीण. म्हणून रिझर्व्ह बँकेने या प्रतिमा-क्लिअरिंगसाठी स्पष्ट नियम घातला: ज्याला चेक दिला त्याचे नाव, अंकी रक्कम किंवा अक्षरी रक्कम यांत काही बदल करायचा असेल तर नवा चेक लिहावा. अपवाद फक्त तारखेचा, तोही मुदत वाढवून देण्यापुरता. तेव्हा ‘अक्षरी दुरुस्त करू की अंकी’ या प्रश्नाचे चेकपुरते उत्तर असे: त्या चेकवर दोन्हीपैकी काहीच दुरुस्त करायचे नाही. बरोबर रक्कम कोणती ते ठरवायचे आणि नवा चेक घ्यायचा.

चेक घेणाऱ्याने तर त्यावर पेन टेकवूच नये. त्याच कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे, चेकमध्ये महत्त्वाचा बदल केला आणि त्याला देणाऱ्याची संमती नसली, तर त्या देणाऱ्यापुरता चेक निरर्थक ठरतो. दोघांचा मूळ हेतू पूर्ण करण्यासाठी केलेला बदल याला अपवाद आहे. पण तो हेतू सिद्ध करत बसण्याची वेळ स्वतःवर का आणायची? आपला हक्काचा आकडा असला तरी तो आपल्या हाताने चेकवर लिहू नका.

खरी रक्कम कशी शोधायची: एक पट्टी सोडवून पाहू

दोन रकमा एकमेकींशी भांडत असतील तर त्यांच्याकडेच बघत राहून निकाल लागत नाही. त्या दोन्ही जिथून उतरवल्या तो आधीचा कागद काढावा लागतो. समजा वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची १८ पोती हळद सौद्यात गेली. निव्वळ वजन भरले ९ क्विंटल ४० किलो. दर लागला क्विंटलला १३,५०० रुपये. हमाली, तोलाई वगैरे मिळून ६४० रुपये कपात. चेकवर अक्षरात लिहिले आहे ‘एक लाख सव्वीस हजार दोनशे साठ मात्र’ आणि चौकटीत अंक आहे १,६२,२६०.

आता पट्टी स्वतः नव्याने सोडवा. पट्टीवरची शेवटची रक्कम नुसती वाचू नका, कारण चूक तिथेच झालेली असू शकते. ९.४० क्विंटल गुणिले १३,५०० म्हणजे १,२६,९००. त्यातून ६४० वजा केले की १,२६,२६० राहतात. अक्षरी रक्कम हिशेबाशी जुळली, अंकी चुकली. या प्रकरणात कायद्याने धरायची रक्कम आणि खरी रक्कम एकच निघाली. तरीही चेक नवाच लागेल, फक्त आता काय मागायचे हे नक्की झाले.

उलट स्थिती असती, म्हणजे अंक हिशेबाशी जुळला असता आणि अक्षरे चुकली असती, तर जास्त सावध राहायला हवे. त्या चेकचा कायदेशीर अर्थ चुकलेल्या रकमेचा आहे. बँकेने तो अक्षरांप्रमाणे वटवला तर खात्यात कमी किंवा जास्त पैसे येतील. कमी आले तर पट्टीच्या आधारे उरलेली रक्कम लेखी मागा. जास्त आले तर ते तुमचे नाहीत, दुकानाला कळवून परत करा. ‘अक्षरी रक्कम कायद्याने खरी’ हे वाक्य जादा पैसे ठेवून घ्यायला उपयोगी पडत नाही.

तिसरी स्थिती म्हणजे दोन्ही रकमा हिशेबाशी जुळत नाहीत. मग आणखी एक पायरी मागे जा. वजन काटापट्टीशी ताडून पाहा, दर सौद्याच्या नोंदीशी. काटापट्टी, सौद्याचा दर, हिशेबपट्टी, चेक असा हा क्रम आहे, आणि चूक ज्या पायरीवर सुरू झाली तिथूनच दुरुस्ती करायची. पट्टीतले वजन चुकले असेल तर आधी पट्टी दुरुस्त करून घ्या, मग चेक. नुसता नवा चेक घेतला आणि पट्टी तशीच राहिली, तर पुढच्या हंगामात खातेउतारा काढताना तोच वाद नव्याने उभा राहतो.

फरकाकडे बघून चुकीचा प्रकार ओळखा

पट्टी लगेच हाताशी नसेल, किंवा असूनही खात्री करायची असेल, तर दोन रकमांतला फरक बरेच काही सांगतो. हातानेच लिहिणाऱ्यांच्या चुका ठरावीक प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार उलटापालटीचा. वरच्या उदाहरणात १,६२,२६० आणि १,२६,२६० यांतला फरक ३६,००० आहे. त्याला ९ ने नि:शेष भाग जातो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. मराठीत ही चूक जास्त होण्याचे कारण आपल्या संख्या बोलण्याच्या पद्धतीत आहे. ‘सव्वीस’ म्हणताना आधी सहा येतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ६. एकाने रक्कम सांगायची आणि दुसऱ्याने चेक लिहायचा, असे चालते तिथे कानावर आधी पडलेला सहा हातातून आधी उतरतो. म्हणून रक्कम ऐकून लिहिलेली असेल तर अक्षरे बरोबर आणि अंक चुकलेला असण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रकार ‘एकोण’चा. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या संख्यांत नाव पुढच्या दशकाचे आणि अंक मागच्या दशकाचा असतो. ५९ बघितले की डोळ्याला ५ दिसतो आणि हात ‘एकोणपन्नास’ लिहितो, हवे असते ‘एकोणसाठ’. अशा चुकीत फरक दहाचा, दहा हजारांचा किंवा दहा लाखांचा असतो आणि त्या जागी ९ हा अंक असतो. ५९,४०० आणि ‘एकोणपन्नास हजार चारशे’ हे त्याचे नेमके उदाहरण. ही चूक आकडा बघून अक्षरे लिहिताना होते, त्यामुळे इथे संशय अक्षरांवर घ्यायचा. ज्या दुकानात पट्टी संगणकावर निघते आणि त्यावरून चेक हाताने लिहिला जातो, तिथे आकडा पाहून उतरवलेला असतो, अक्षरे मनात तयार केलेली असतात. कायदा अक्षरांना मान देतो आणि चूक मात्र अक्षरांतच असते, असे इथे घडते.

तिसरा प्रकार शून्याचा. १२,५०० आणि ‘एक लाख पंचवीस हजार’ असे असेल तर फरक १,१२,५०० येतो, म्हणजे लहान रकमेच्या बरोबर नऊपट. असा फरक आला की एक शून्य गळले किंवा वाढले. बहुधा चूक अंकातच असते, कारण अक्षरांत हजारांचे लाख चुकून सहसा होत नाहीत. १,०५,००० आणि ‘एक लाख पन्नास हजार’ हे वेगळे. इथे शून्याची जागा बदलली आहे, त्यामुळे ते उलटापालटीतच मोडते. फरक ४५,००० म्हणजे पुन्हा ९ च्या पटीतलाच.

चौथा प्रकार सव्वा, दीड, पावणे यांचा. बोलण्यात आपण ‘पावणेदोन लाख’ म्हणतो आणि ती रक्कम १,७५,००० असते. घाईत कोणी २,७५,००० लिहून बसतो, कारण कानावर ‘दोन’ पडलेला असतो. फरक पाव, अर्धा किंवा पूर्ण एककाचा आला तर कोणी तरी ही रक्कम तोंडी सांगितली होती का, ते विचारा. चेकवर आणि दस्तात असे शब्द टाळावेत. ‘एक लाख पंचाहत्तर हजार’ लिहिल्यावर शंकेला जागा राहत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. फरकाची ही परीक्षा चुकीचा प्रकार सुचवते, निकाल देत नाही. निकाल पट्टीचाच. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर निर्धास्तपणे पुढे जा. परीक्षा एक सांगते आणि पट्टी दुसरे, असे झाले तर पट्टी पुन्हा सोडवा.

दोन्ही बरोबर, वाचणारा चुकला

कधी कधी विसंगती कागदावर नसतेच. बँकेचे चेक मराठीत लिहिता येतात. रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाची भाषा वापरण्याची मुभा दिलेली आहे. पण मराठी अंक आणि इंग्रजी अंक यांत काही आकार फसवे आहेत. मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नवासारखा. ‘एकेचाळीस हजार’ म्हणून लिहिलेले ४१,००० हे इंग्रजी अंकांची सवय असलेल्या डोळ्याला एकोणनव्वद हजार वाटू शकते. दुसऱ्या राज्यात बसून प्रतिमा तपासणाऱ्याकडून तर हे सहज होईल.

अशा वेळी दुरुस्त करण्यासारखे काही नसते, कारण चूक लिहिणाऱ्याची नाही. शाखेत जाऊन दाखवले तर स्थानिक अधिकाऱ्याला लगेच कळते. तरीही आपल्या बाजूने एक काळजी घ्यावी: एका चेकवर एकाच पद्धतीचे अंक वापरावेत. तारीख इंग्रजी अंकांत आणि रक्कम मराठी अंकांत, अशी सरमिसळ वाचणाऱ्याला चकवते.

नवा चेक मागताना

आता कृतीकडे येऊ. विसंगत चेकचे आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पट्टीची प्रत जोडा. मग दुकानदाराला थोडक्यात लिहून द्या. मजकूर असा पुरेसा आहे: ‘आपण दिनांक अमुकचा, क्रमांक अमुकचा चेक दिला आहे. त्यात अक्षरी रक्कम एक लाख सव्वीस हजार दोनशे साठ व अंकी रक्कम १,६२,२६० अशी विसंगती आहे. हिशेबपट्टी क्रमांक अमुकप्रमाणे देय रक्कम १,२६,२६० आहे. कृपया त्या रकमेचा नवा चेक द्यावा. जुना चेक नवा मिळताच परत करीन.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. नवा चेक हातात येण्यापूर्वी जुना देऊन टाकू नका, कारण तोपर्यंत देणे असल्याचा तोच एक सहीचा कागद आपल्याजवळ असतो.

देणाऱ्याच्या बाजूनेही कामे आहेत. परत आलेल्या जुन्या चेकवर दोन आडव्या रेघा मारून ‘रद्द’ लिहावे आणि तो चेकबुकालाच टाचून ठेवावा. फाडून टाकू नये, कारण लेखापरीक्षणात त्या क्रमांकाचा चेक कुठे गेला हे विचारले जाते. खतावणीत जुन्या चेकची नोंद झाली असेल तर ती खोडून नवी लिहू नये. जुनी नोंद उलट नोंदीने फिरवावी आणि नव्या चेकची स्वतंत्र नोंद करावी, म्हणजे कोणी पाहिले तरी काय घडले ते वाचता येते. पन्नास हजार आणि त्यापुढच्या चेकची माहिती आधी बँकेला कळवण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. जुन्या चेकची माहिती तशी कळवली असेल तर नव्या चेकची नव्याने कळवावी लागते, नाही तर बरोबर लिहिलेला चेकही अडकेल.

दुकानदार नवा चेक द्यायला टाळाटाळ करू लागला तर एक भेद समजून घ्या. चेक न वटल्याबद्दलचे कलम १३८ मुळात खात्यात पैसे अपुरे असल्याच्या प्रसंगासाठी आहे. अक्षरी-अंकी फरकामुळे परत आलेला चेक हा आपोआप तसा प्रसंग होत नाही. म्हणून परतीच्या मेमोवर कारण काय लिहिले आहे ते नीट वाचा, मेमो जपून ठेवा, आणि नवा चेक मागितल्याचा लेखी पुरावा तयार ठेवूनच वकिलांकडे जा.

पतसंस्थेतली भरणा पावती किंवा पैसे काढण्याची स्लिप यांचा प्रश्न सोपा असतो. भरणा पावतीच्या मागे नोटांचा तपशील लिहिलेला असतो, तोच तिथे पट्टीचे काम करतो. पाचशेच्या चोवीस नोटा आणि शंभरच्या पाच असतील तर रक्कम १२,५०० च, मग पुढे काहीही लिहिलेले असो. पैसे खिडकीतून आत जाण्याआधी फरक दिसला तर ती पावती बाजूला ठेवून नवी भरा.

खरेदीखतात हीच चूक निघाली तर

जमिनीच्या दस्तात मात्र नवा कागद लिहून भागत नाही, आणि चेकचे कलम १८ ही तिथे जसेच्या तसे आणून चालत नाही. ते कलम चेक-हुंड्यांपुरते आहे. दस्तात काय ठरले होते हे संपूर्ण मजकुरावरून पाहिले जाते.

समजा सातारा तालुक्यात २२ गुंठ्यांचे खरेदीखत झाले. मोबदला अक्षरात ‘अठरा लाख सत्तर हजार’ आणि अंकात १८,०७,००० असा लिहिला आहे. फरक ६३,०००, म्हणजे ९ च्या पटीतला, उलटापालटीचा. आता इथेही पट्टीसारखा आधार शोधा. दर गुंठ्याला ८५,००० ठरला होता, असे साठेखतात असेल तर २२ गुंठ्यांचे १८,७०,००० होतात. मोबदला कसा दिला, त्याचा तपशील त्याच दस्तात पुढे असतो: समजा ३,७०,००० आरटीजीएसने आणि १५,००,००० डिमांड ड्राफ्टने. बेरीज पुन्हा १८,७०,०००. दोन स्वतंत्र वाटांनी एकच रक्कम आली, तेव्हा चूक अंकात आहे हे पक्के.

ही चूक नोंदणीआधी दिसली तर ती तिथेच दुरुस्त करता येते, पण त्या बदलाजवळ दस्त लिहून देणाऱ्यांच्या सह्या हव्यात. नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे तशा सह्या नसलेली खाडाखोड असेल तर निबंधक दस्त नाकारू शकतो. नोंदणी झाल्यावर मूळ दस्ताला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंनी मिळून चूक दुरुस्ती पत्र करायचे आणि ते त्याच दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचे. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक, वर्ष, चुकलेला मजकूर जसाच्या तसा आणि त्याऐवजी वाचायचा मजकूर हे चारही द्या. ‘मोबदला दुरुस्त समजावा’ असे मोघम वाक्य लिहू नका. समोरचा पक्ष सही करायला तयार नसेल तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २६ खाली न्यायालयाकडून दुरुस्ती मागता येते.

मुद्रांक शुल्काकडेही पाहा. महाराष्ट्रात ते मोबदला आणि बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर भरतात. बाजारमूल्य १८,७०,००० पेक्षा जास्त असेल आणि शुल्क त्यावर भरले असेल, तर या दुरुस्तीने शुल्कात फरक पडत नाही. शुल्क १८,०७,००० धरून भरले असेल तर ६३,००० रुपयांवरचे शुल्क कमी पडले आहे. ते आधी भरायची तयारी ठेवूनच जा. आणि सूची क्रमांक दोनमध्ये रक्कम चुकली असेल पण अस्सल दस्तात बरोबर असेल, तर दस्तात चूक नाही. ती कार्यालयाच्या नोंदीतली चूक आहे, तिच्यासाठी दुरुस्ती पत्र न करता अर्ज द्यावा लागतो.

ठेकेदारांनी आणखी एक वेगळेपण ध्यानात घ्यावे. निविदेत दर अक्षरी आणि अंकी वेगळे पडले तर निर्णय त्या निविदेच्या अटींवर होतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांत, ठेकेदाराने स्वतः काढलेल्या रकमेशी जो दर जुळतो तो आधी धरतात. तसा कोणताच जुळला नाही तरच अक्षरी दर धरतात. म्हणजे तिथेही आधी हिशेब आणि मग अक्षरे. दुसऱ्या खात्याच्या निविदेत अट वेगळी असू शकते, तेव्हा दर भरण्याआधी ती अट वाचा.

लिहिताना एवढे पाळा

रक्कम तोंडी सांगून चेक लिहून घेऊ नका, पट्टी समोर ठेवा. आधी अंक लिहा, मग अक्षरे, आणि मग पट्टी झाकून फक्त अक्षरांवरून तो आकडा कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा. तो चेकवरच्या अंकाशी जुळला तरच सही करा. ‘एकोण’ असलेली संख्या आली की तिच्यात एक मिळवून पाहा: एकोणसाठ अधिक एक साठ, म्हणून अंक ५९. अक्षरी रक्कम रेघेच्या अगदी सुरुवातीपासून लिहून शेवटी ‘मात्र’ लिहा आणि उरलेल्या जागेत रेघ ओढा. घेणाऱ्यानेही दुकानातून बाहेर पडण्याआधी चेक पट्टीला लावून दोन्ही रकमा मोठ्याने वाचाव्यात. चूक गादीवरच सापडली तर नवा चेक दोन मिनिटांत मिळतो. तीच बँकेत सापडली तर पत्र, परतीचे शुल्क आणि पुन्हा एक सांगलीची फेरी आली.